खर्च चौघांचा, कर्ज एकाचे

रायगडच्या किनाऱ्यावर पैसा बारा महिने सारखा येत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा लाँचेस बंद होतात आणि अलिबाग, नागाव, काशिदच्या पर्यटक खोल्या ओस पडतात. पांढरा कांदा फेब्रुवारीनंतर माळांनी बाजारात येतो. खोल्यांचा खरा धंदा दिवाळीपासून मेअखेरपर्यंत, तोही मुख्यतः शनिवार-रविवारचा. अशा घरात बहुतेक वेळा एकच माणूस महिन्याच्या महिन्याला पगार आणतो. कुणी थळच्या खत कारखान्यात असतो, कुणी उरणच्या बंदरात, कुणी डोळवीच्या पोलाद कारखान्यात, तर कुणी मुंबईत. बँक क्रेडिट कार्ड देते ते या एकाच्या पगारपत्रकाकडे बघून. मग त्याच कार्डाच्या जोडीला बायकोच्या, आईच्या आणि भावाच्या नावाने आणखी कार्डे घरात येतात. बँकेच्या भाषेत ही ॲड-ऑन कार्डे.

ही पुस्तिका त्या जोडकार्डांबद्दल आहे. पुढच्या प्रकरणांत अर्जाचे नमुने, बिल वाचण्याची रीत, तक्रारीचे टप्पे असे सगळे सविस्तर येईल. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट नीट समजावून सांगायची आहे, कारण ती न कळल्यामुळे घरातली माणसे एकमेकांशी अबोला धरताना मी पाहिली आहेत. ॲड-ऑन कार्डाने खर्च करण्याचा अधिकार वाटला जातो. फेडण्याची जबाबदारी मात्र जिथल्या तिथे, मूळ कार्डधारकाच्या खांद्यावर राहते. लिमिटही वाटले जात नाही. सगळ्यांचे मिळून एकच असते.

पूर्वी गावच्या वाण्याच्या वहीत घराचे खाते एकाच्याच नावावर असायचे. पोरगा जाऊन साखर आणायचा, सून तेल आणायची, आणि सगळे सासऱ्याच्या नावावर चढायचे. पण वाणी घर ओळखून असे. थोरल्याने एकदम मोठी उधारी मागितली तर तो म्हाताऱ्याला निरोप धाडी. कार्ड घासण्याच्या यंत्राला हे कळत नाही. लिमिटमध्ये बसते का, एवढेच ते बघते. त्यामुळे निरोप धाडण्याचे काम आता घरानेच अगोदर ठरवून ठेवावे लागते.

नियम आधी सांगतो, कारण त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२मध्ये क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयी सविस्तर निर्देश काढले आणि ते १ जुलै २०२२पासून लागू झाले. त्यांत ॲड-ऑन कार्डाबद्दल स्पष्ट म्हटले आहे की, येणे मूळ कार्डधारकाचेच राहील ही समज देऊनच असे कार्ड द्यावे. ही गोष्ट नवी नाही, त्याआधीच्या परिपत्रकांतही तेच होते. मूळ धारकाने ज्याचे नाव सांगितले त्यालाच असे कार्ड मिळते. काही बँकांच्या करारात याच्या पुढचे एक कलम असते, की ॲड-ऑन धारकही संयुक्तपणे जबाबदार राहील. तेव्हा कार्ड ‘नुसते नावापुरते’ घेतले आहे असे समजणाऱ्या मेव्हण्याने किंवा सुनेनेही सही करण्याआधी तो कागद वाचावा. पण बँकेचा पहिला फोन, पहिली नोटीस आणि पतनोंदीतला डाग हे सगळे मूळ धारकाच्या वाट्याला येते.

आता एक घर घेऊ. हे घर मी उदाहरणासाठी रचले आहे, पण यातला एकही प्रसंग किनाऱ्यावर न घडणारा नाही. नागावला वाडी आहे, वाडीत चार पर्यटक खोल्या आहेत. थोरला मुलगा नोकरीला, कार्ड त्याच्या नावावर, लिमिट दीड लाख. बायकोला, आईला आणि खोल्या सांभाळणाऱ्या धाकट्या भावाला ॲड-ऑन कार्डे दिली आहेत. बिल दर महिन्याच्या १८ तारखेला निघते आणि भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याच्या ७-८ला येते.

एप्रिलच्या २२ तारखेला धाकट्याने अलिबागमधून खोल्यांसाठी गाद्या आणि इन्व्हर्टर घेतला, ६४,००० रुपयांचा. मेच्या सुट्टीची गर्दी तोंडावर होती, खर्च वायफळ नव्हता. बायकोच्या कार्डावर किराणा आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचे १३,००० झाले. आईच्या तपासण्या आणि औषधे ९,०००. थोरल्याचे स्वतःचे ६,०००. १८ मेला बिल निघाले ९२,००० रुपयांचे.

हे बिल हातात घेऊन बघण्यासारखे असते. वर एकूण देय रक्कम, तिच्याखाली किमान देय रक्कम, बाजूला एकूण लिमिट आणि शिल्लक लिमिट. खाली व्यवहारांची यादी. बहुतेक बिलांत मूळ कार्डाचे व्यवहार आधी येतात आणि मग प्रत्येक ॲड-ऑन धारकाच्या नावाखाली त्याचे व्यवहार वेगळे दिलेले असतात. म्हणजे कुणी किती खर्च केला याचा हिशेब बँकेने फुकट करून दिलेला असतो. पण बिल येते थोरल्याच्या ई-मेलवर, आणि तो वरची एकच रक्कम बघून फाइल बंद करतो. ज्यांनी खर्च केला त्यांच्यापैकी कुणालाही ते पान दिसत नाही. घरातल्या बहुतेक भांडणांचे मूळ मला या न उघडलेल्या दुसऱ्या पानात सापडले आहे.

७ जूनला थोरल्याने स्वतःचे, बायकोचे आणि आईचे मिळून २८,००० भरले. धाकट्याने मेच्या कमाईतून २०,००० दिले, बाकीचे ‘गणपतीत देतो’ म्हणाला. किमान देय रक्कम होती ४,६००. तिच्या दहापट भरणा झाल्यामुळे उशिराचे शुल्क लागले नाही, बँकेचा फोन आला नाही, आणि घरात कुणालाच काही बिघडल्यासारखे वाटले नाही. बाकी राहिले ४४,०००.

बिघडले ते इथेच. पूर्ण बिल ठरल्या तारखेला भरले तरच व्याजमुक्त मुदत मिळते. थोडेही बाकी राहिले की ती मुदत जाते आणि बाकीवर व्याज लागते, तेही सामान्यतः भरण्याच्या तारखेपासून नव्हे तर खरेदीच्या तारखेपासून. महिना साडेतीन टक्के हा दर कार्डांच्या बाबतीत अगदी सर्रास आहे; वर्षाचा तो ४२ टक्के होतो. ४४,००० रुपयांवर २२ एप्रिल ते १८ जून असे ५७ दिवसांचे व्याज होते सुमारे २,८८६ रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५१९. पहिल्याच बिलात ३,४०५ रुपये वाढले. हा मी कमीत कमी धरलेला आकडा आहे. बाकी राहिलेल्या महिन्यात केलेल्या नव्या खरेदीलाही, मग तो आईच्या औषधांचा खर्च का असेना, पहिल्या दिवसापासून व्याज लागते. ते मी यात धरलेले नाही. उधारी धाकट्याने ठेवली आणि व्याजमुक्त मुदत आईच्या गोळ्यांची गेली. संयुक्त लिमिटचा हा परिणाम सहज दिसत नाही.

व्याजाचा दर फार वाटला तर न्यायालय काही करील, ही आशाही आता ठेवू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८मध्ये कार्डावरचे वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज हा अनुचित व्यापार ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला.

जून कोरडा गेला. बंदीमुळे गावात पैसा फिरत नव्हता, खोल्यांना कुलूप होते. बायको आणि आईचा जूनच्या बिलातला खर्च २०,००० झाला, तो थोरल्याने जुलैच्या सुरुवातीला भरला. धाकट्याची बाकी तशीच. त्यापुढचा १८,०००चा घरखर्च कार्डावर चढला. जुलैच्या मध्यात आईला अलिबागच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. थोरला रात्रपाळीला, म्हणून सून गेली. काउंटरवर ९०,००० रुपये अनामत मागितली. तिने तिचे कार्ड दिले आणि यंत्राने ते नाकारले. तिला माहीत होते की लिमिट दीड लाख आहे, आणि आपण तर महिन्याला दहा-पंधरा हजारच खर्चतो. पण धाकट्याचे ४४,०००, त्यावरचे व्याज आणि चालू महिन्याचा खर्च मिळून ६५,०००हून थोडे जास्त लिमिट आधीच अडकलेले होते. उरले जेमतेम ८४,५००.

लिमिट ओलांडून व्यवहार होऊ द्यायचा असेल तर मूळ धारकाची आधी स्पष्ट संमती लागते, असा नियम आहे. थोरल्याने ती कधी दिली नव्हती, आणि माझ्या मते बरोबरच केले होते. ओलांडलेल्या लिमिटवर वेगळे शुल्क असते आणि ती सवय लवकर लागते. चूक त्याची वेगळीच होती. तीन माणसांना कार्डे देताना त्याने प्रत्येकाला किती, हे ठरवलेच नव्हते.

ते ठरवण्याची सोय असते. अनेक बँका ॲड-ऑन कार्डाला मुख्य लिमिटच्या आत स्वतंत्र उपमर्यादा लावू देतात. काहींच्या ॲपमध्ये ती लगेच बदलता येते, काहींना फोन करावा लागतो, काही फक्त अर्ज भरतानाच विचारतात. अर्जातला तो रकाना रिकामा सोडला की बहुधा पूर्ण लिमिट सगळ्यांना खुले होते. त्याखेरीज रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२०च्या आदेशामुळे, जो त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून प्रत्यक्षात आला, प्रत्येक कार्डावर ऑनलाइन, परदेशी, टॅप करून होणारे असे व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात आणि प्रत्येकाची मर्यादा लावता येते. आईच्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार बंद आणि औषधांच्या दुकानापुरती रक्कम चालू, इतके बारीक करता येते. टॅप करून ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या पिशवीतल्या कार्डावर टॅप बंदच ठेवावे, असे मी आग्रहाने सांगतो.

आपल्या नागावच्या घरात मी काय केले असते? बायकोला ३०,०००, आईला १५,०००, धाकट्याला २०,०००. उरलेले ८५,००० थोरल्याच्या हातात, आणि त्यातला मोठा भाग मुद्दाम मोकळा ठेवलेला, दवाखान्यासाठी. मग गाद्या-इन्व्हर्टरचे ६४,००० धाकट्याच्या कार्डावर बसलेच नसते. त्याला थोरल्याकडे येऊन विचारावे लागले असते, आणि ‘फेडणार कधी?’ हे बोलणे खरेदीच्या आधी झाले असते, दवाखान्याच्या काउंटरनंतर नव्हे.

पण धाकट्याच्या बाबतीत मी आणखी पुढे जाईन. धंद्याचा खर्च ॲड-ऑन कार्डावर करूच नये. त्याने वेळेवर फेडले तरी ती पत थोरल्याच्या नावे लिहिली जाते. दहा वर्षे नियमाने फेडूनही धाकटा बँकेत खोल्यांसाठी कर्ज मागायला गेला, तर त्याच्या स्वतःच्या नावावर दाखवण्यासारखे फारसे काही नसते. शिवाय वर्षभरात कार्डाच्या बिलापोटी दहा लाख किंवा त्याहून अधिक भरणा झाला, किंवा एक लाख रोखीने भरले, तर बँक ते आयकर खात्याला कळवते, आणि कळवते ते मूळ धारकाच्या पॅनवर. पगार सहा लाख आणि कार्डाचा भरणा दहा लाख, याचा खुलासा थोरल्याने करायचा, खर्च मात्र खोल्यांचा. ज्याला पगारपत्रक नाही त्यालाही स्वतःचे कार्ड मिळू शकते. मुदत ठेव तारण ठेवली की तिच्या बऱ्याच मोठ्या हिश्श्याइतके लिमिट बँक देते. मेअखेर हातात पैसा असताना धाकट्याने पन्नास हजारांची ठेव ठेवून तिच्यावर कार्ड घेतले, तर ठेवीवर व्याजही मिळते, पतही त्याच्या नावाची बनते, आणि फेडले नाही तर जाते ती त्याची ठेव.

आईसारख्या माणसासाठी तर उधारीची गरजच आहे का, हेही विचारावे. ऑगस्ट २०२४मध्ये यूपीआय सर्कल नावाची सोय आली. त्यात खातेदार घरातल्या पाच जणांपर्यंत आपल्या खात्यातून पैसे देण्याची मुभा देऊ शकतो. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,०००ची मर्यादा असते. पैसे खात्यातून जातात, कर्ज होत नाही. औषधे आणि भाजीला एवढे पुरे.

आता लिमिट वाढवण्या-कमी करण्याविषयी. किनाऱ्यावर हा प्रश्न मुंबईपेक्षा वेगळा आहे. बँक वर्षाचे उत्पन्न बघते आणि त्यावरून एक लिमिट ठरवते, जे डिसेंबरलाही तेच आणि जुलैलाही तेच. घराची फेडण्याची ताकद मात्र जुलैत निम्मीही नसते. म्हणून लिमिट किती असावे हे ठरवताना वर्षाच्या बेरजेला बारांनी भागू नये. सर्वांत कोरड्या महिन्यात घरात नक्की येणारा पैसा किती, तेवढे बिल त्या महिन्यात पूर्ण फेडता आले पाहिजे. नागावच्या घरात तो म्हणजे थोरल्याचा पगार वजा घरखर्च.

लिमिट वाढवून मागायचे असेल तर किमान सहा महिने बिले पूर्ण भरलेली असावीत, आणि त्या काळात वापर लिमिटच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत असावा. आपल्या घराने मे महिन्यात दीड लाखांपैकी ९२,००० वापरले, म्हणजे ६१ टक्के. पतमापन करणाऱ्या संस्थेला हे घर ओढगस्तीत आहे असे दिसते, आणि त्यातले धाकट्याचे किती हे तिला कळत नाही. बँक पगारदाराकडे पगारपत्रके किंवा फॉर्म १६ मागते, धंदेवाल्याकडे आयकर विवरणपत्रे. खोल्यांचे उत्पन्न विवरणपत्रात दाखवलेच नसेल तर ते उत्पन्न बँकेच्या दृष्टीने नाहीच. थोड्या दिवसांसाठी वाढ हवी असेल, लग्नासाठी वा शस्त्रक्रियेसाठी, तर तात्पुरती वाढ आहे की कायमची हे स्पष्ट विचारून घ्यावे. नोव्हेंबर २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या कर्जासाठी बँकांना जास्त भांडवल राखायला लावले. तेव्हा नकार आला तर तो नेहमी तुमच्या वागणुकीमुळेच आला असे समजू नये.

पण मागण्याआधीच ‘तुमचे लिमिट वाढले आहे’ असा फोन यायचे प्रसंग जास्त. तिथे कायदा तुमच्या बाजूने आहे. मूळ धारकाच्या स्पष्ट संमतीशिवाय बँक लिमिट वाढवू शकत नाही. कमी केले तर मात्र कळवणे पुरते. न मागितलेले कार्ड किंवा मोठे कार्ड संमतीशिवाय चालू करून बिल लावले, तर बँकेला ते शुल्क परत करून वर त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. घरच्यांना एवढे नक्की सांगून ठेवावे की बँकेच्या माणसाला फोनवर ‘हो’ म्हणायचे नाही, तो निर्णय ज्याच्या नावावर कार्ड आहे त्याचा.

लिमिट कमी करून मागणे आपल्याकडे कमीपणाचे समजतात. मला ते पटत नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या, नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे झाड लावल्यापासून उत्पन्न यायला वर्षे लागतात. ज्या घरांच्या वाडीचे उत्पन्न असे वर्षानुवर्षांसाठी गेले, त्यांच्या कार्डांचे लिमिट वादळाआधीच्या उत्पन्नावर ठरलेले होते आणि ते तसेच राहिले. त्याच काळात करोनामुळे रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली. ती कार्डांनाही होती, पण व्याज चालूच राहणार होते. ज्यांनी ‘सवलत’ हा शब्द ‘माफी’ असा ऐकला त्यांच्या थकबाकीवर सहा महिन्यांचे कार्डाचे व्याज चढले. व्याजावरचे व्याज सरकारने नंतर परत केले, मूळ व्याज नाही. उत्पन्नाचा पाया असा हलतो तेव्हा लिमिट आपणहून उतरवणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो, कारण उघडे लिमिट अडचणीच्या दिवसांत वापरले जातेच.

मात्र उतरवण्याचीही वेळ असते. ४०,००० थकलेले असताना लिमिट दीड लाखांचे एक लाख केले, तर वापर २७ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर दिसतो आणि पतगुण घसरू शकतो. आधी बाकी फेडावी, बिल शून्यावर आल्यावर अर्ज करावा. आणि फक्त एका माणसाच्या खर्चाची धास्ती असेल तर मुख्य लिमिटला हात न लावता त्याची उपमर्यादा उतरवावी किंवा तेवढे एक ॲड-ऑन कार्ड बंद करावे. बंद करताना त्या कार्डावर चालू असलेली मोबाईल रिचार्जची किंवा वीजबिलाची आपोआप होणारी कपात आधी थांबवावी, आणि खरेदीच्या ॲपांमध्ये ते कार्ड जतन केले असेल तर तिथूनही काढावे. बंद करण्याची विनंती, बाकी शून्य असेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण झाली पाहिजे. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला देण्याचा नियम आहे. म्हणून विनंती लेखी करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा.

किनाऱ्यावरच्या दोन प्रसंगांबद्दल मला काळजीने लिहावेसे वाटते. पहिला जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या घरांचा. नवरा सहा-नऊ महिने समुद्रात, बायकोकडे ॲड-ऑन कार्ड. मुलाची फी ऑनलाइन भरायला ती बसते आणि ओटीपी जातो नवऱ्याच्या फोनवर, जो भर दर्यात बंद आहे. काही बँका ॲड-ऑन धारकाच्या स्वतःच्या मोबाईलवर ओटीपी पाठवतात, काही नाही. जहाजावर चढण्याआधी एक छोटा ऑनलाइन व्यवहार करून ओटीपी कुठे येतो ते बघावे, आणि दर महिन्याला बिलाची पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन जावे. ‘किमान रक्कम’ नव्हे, ‘पूर्ण रक्कम’. त्या दोन पर्यायांतला चुकीचा निवडला गेल्यामुळे नऊ महिन्यांचे व्याज भरणारी माणसे मला माहीत आहेत.

दुसरा प्रसंग मूळ धारकाच्या मृत्यूचा. त्या दिवसापासून ॲड-ऑन कार्डे वापरता येत नाहीत, कारण ज्याच्या करारावर ती उभी होती तोच उरलेला नाही. पण बँकेला कळेपर्यंत यंत्र ती स्वीकारत राहते. बाराव्या-तेराव्याचा खर्च अशा कार्डावर होतो आणि मग तो कुणी फेडायचा यावर बँक आणि घर दोघेही अडचणीत येतात. शक्य तितक्या लवकर बँकेला लेखी कळवावे, मृत्यूचा दाखला जोडावा, आणि सगळी कार्डे त्या दिवसापासून बाजूला ठेवावीत. मृताने केलेली बाकी त्याच्या मालमत्तेतून फेडायची असते. वारसांची जबाबदारी त्यांच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतीच असते, त्यापलीकडे स्वतःच्या कमाईतून नाही. वसुलीचा माणूस दारात येऊन विधवेला ‘कार्ड तुमच्याही नावाचे होते’ असे सांगत असेल, तर त्याच्याकडे करारातले ते कलम लेखी मागावे आणि तोवर काहीही कबूल करू नये, काही भरूही नये. भरलेला एक हप्तासुद्धा पुढे कबुली म्हणून दाखवला जाऊ शकतो. बँकेकडे केलेल्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. त्या तक्रारीत काय लिहायचे आणि कोणते कागद जोडायचे, ते शेवटच्या प्रकरणात नमुन्यासह दिले आहे.